मच्छे: जमिनीतला 250 घनमीटरचा जुना संप थंड पाण्याच्या साठ्याला चालेल का? संध्याकाळी 6 ते 10 चिलर बंद ठेवायचेत

मच्छे_मेंटेनन्स

नमस्कार मंडळी. मच्छेजवळ आमचं मशीन शॉप आहे, सकाळी 6 ते रात्री 10 अशा दोन पाळ्या. शॉप आणि तपासणीची खोली मिळून एसीचा भार दुपारपासून रात्री 10 पर्यंत जवळजवळ सपाट 150 टीआर, म्हणजे टन रेफ्रिजरेशन, असतो, कारण मुख्य उष्णता मशीनचीच. 120 टीआरचे दोन एअर-कूल्ड स्क्रू चिलर आहेत. हेस्कॉमच्या बिलात संध्याकाळी 6 ते 10 ला जादा दर लागतो आणि रात्री 10 नंतर सवलत मिळते. मालकांचा विचार असा, की रात्री पाणी थंड करून साठवायचं आणि संध्याकाळचे चार तास दोन्ही चिलर बंद ठेवायचे.

आवारात जुना आरसीसी संप आहे. 10 बाय 10 मीटर, पाण्याची खोली 2.5 मीटर, म्हणजे 250 घनमीटर. एका ठेकेदाराने हिशोब दिला: 150 टीआर गुणिले 4 तास म्हणजे 600 टन-तास. पाणी 6 अंशाला साठवून 14 अंशाला परत आलं तर 227 घनमीटर लागतं, म्हणजे संप पुरून उरतो. वर एक आणि खाली एक भोकं पाडलेले पाइप टाकले की काम झालं, म्हणाले. आकडे मी पडताळले, गुणाकार बरोबर आहे. तरी एवढं सोपं असेल असं वाटत नाही. जाणकारांनी बघावं ही विनंती.

अनगोळ_फॅब्रिकेशन

आम्ही असली कामं करायलोय बरीच वर्षं, टाकीतली नव्हे पण हेडरची. पाण्याचा वेग कमी ठेवला की ढवळत नाही, एवढंच तत्त्व आहे बघा. 57 घनमीटर तासाला जाणार असेल तर 250 एमएमचा पाइप घ्या, आत वेग 0.3 मीटरच्या आसपास येतो. चहूबाजूंनी 12 एमएमची भोकं मारा. पाइप मोठा घेतला की पुढं काही अडचण येत नाही. एका टोकाला वरचा, दुसऱ्या टोकाला खालचा.

चिकोडी_डेअरी

आमच्या डेअरीत आइस बँक टँक आहे. रात्रभर कॉइलवर बर्फ जमतो आणि सकाळी दूध आलं की त्याचं पाणी फिरतं. जागा फार थोडी लागते. तुम्ही एवढा मोठा संप थंड करत बसण्यापेक्षा बर्फच करा की. आमची टाकी एका खोलीत मावते.

खानापूर_जुना_प्लांटवाला

चिकोडीकर, तुमच्याकडे ते योग्यच आहे, कारण दुधाला 1-2 अंशाचं पाणी लागतं आणि तुमचं कॉम्प्रेसर त्यासाठीच घेतलेलं असतं. बर्फ करायचा तर चिलरला उणे 5 किंवा त्याखाली ग्लायकॉल द्यावं लागतं. मच्छेकरांचे चिलर 7 अंशाच्या पाण्यासाठी घेतलेले. ते उणे तापमानाला चालवले तर क्षमताही पडते आणि वीजही जास्त खातात, आणि सगळेच चिलर तसे चालतही नाहीत. हातातल्या चिलरवरच काम भागवायचं असेल तर पाणीच साठवावं लागेल.

आता मूळ प्रश्न. ठेकेदाराचा गुणाकार बरोबर आहे, पण त्यात दोन गोष्टी गृहीत धरल्यात. एक, टाकीतलं सगळं पाणी 6 अंशालाच बाहेर येईल. ते येत नाही. थंड आणि कोमट पाण्याच्या मध्ये एक संधीचा थर तयार होतो, आणि तो थर खालच्या तोंडाशी पोचला की पुढचं पाणी शॉपला उपयोगाचं राहत नाही. चांगल्या उंच टाकीत 90 टक्के थंडावा हाती लागतो, म्हणून 227 चे 252 घनमीटर होतात. उथळ टाकीत मी 75 टक्क्यांपेक्षा जास्त धरणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 14 अंशाचं रिटर्न कुठून आलं? कॅटलॉगमधून, की पाइपवर थर्मामीटर लावून? भर उन्हात, सगळी मशीनं चालू असताना, चिलरच्या तोंडाशी सप्लाय आणि रिटर्न किती असतं ते आधी सांगा. त्याशिवाय टाकीबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

मच्छे_मेंटेनन्स

काका, आज दुपारी 3 ला आणि परत संध्याकाळी 7 ला बघितलं. चिलरच्या डिस्प्लेवर सप्लाय 7.1, रिटर्न 11.2. पाइपवरच्या थर्मामीटरवरही तेवढंच. चार अंशांचाच फरक पडतोय.

खानापूर_जुना_प्लांटवाला

मला तीच शंका होती. मग हिशोब असा बसतो. एका घनमीटर पाण्यात 8 अंशाच्या फरकाला साधारण 2.65 टन-तास मावतात, 4 अंशाला त्याच्या निम्मे. तुमच्या 250 घनमीटरला कागदावर 330 टन-तास, आणि उथळपणाचं 75 टक्के धरलं तर 250 च्या आत. म्हणजे 150 टीआर वर एक तास चाळीस मिनिटं. 6 ला चिलर बंद केले तर पावणेआठला परत चालू करावे लागतील, ऐन पीकमध्ये. शिवाय त्या वेळी टाकी गरम झालेली असणार, म्हणजे दोन्ही चिलर एकदम पूर्ण भारावर उचलतील. त्याने डिमांड वाढली तर तेही बिलात येईल.

तुमच्या एएचयूवर, म्हणजे कॉइलमधून हवा गार करणाऱ्या युनिटांवर, थ्री-वे व्हॉल्व्ह आहेत का? बहुतेक असणार. खोली गार झाली की थ्री-वे व्हॉल्व्ह सप्लायचं थंड पाणी कॉइलला वळसा घालून थेट रिटर्नमध्ये सोडतो. 7 अंशाचं पाणी काहीही काम न करता परत येतं आणि रिटर्न खाली ओढतं. रोजच्या चालण्यात हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण चिलर गुमान चालत राहतो. टाकी आली की मात्र प्रत्येक न वापरलेला अंश म्हणजे काँक्रीट आणि जागा.

मच्छे_मेंटेनन्स

हो, आठ एएचयू आहेत आणि सगळ्यांवर थ्री-वेच. बायपासच्या लाइनला हाताचे व्हॉल्व्ह आहेत. ते बंद करून बघू का?

खानापूर_जुना_प्लांटवाला

एकदम सगळे नको, चिलरमधला प्रवाह किमान मर्यादेच्या खाली गेला तर फ्लो स्विचवर चिलर ट्रिप होईल. आधी मोठे तीन घ्या. कॉइलही बाहेरून धुऊन घ्या; मशीन शॉपमध्ये तेलाचा धूर पंखांवर बसून चिकट थर होतो आणि मग कॉइल पाण्याला गरमच करू शकत नाही. कायमचा उपाय म्हणजे टू-वे व्हॉल्व्ह आणि पंपाला वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी.

बिलाचं_बघते

मी हिशोब विभागात आहे, तांत्रिक बाजू माझी नाही, पण दराबद्दल सांगते. सगळे रात्रीचीच सवलत धरून चाललेत. केंद्राने 2023 मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. त्यात दिवसाच्या सौर तासांचा दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी आणि पीकचा दर उद्योग-व्यापारासाठी नेहमीच्या किमान 1.2 पट ठेवायचं म्हटलंय. मग रात्रभर कशाला थांबायचं? दुपारीच टाकी भरा. म्हणजे टाकीसुद्धा निम्मी पुरेल, कारण पाणी साठवून ठेवावं लागणार नाही, लगेच वापरलं जाईल.

खानापूर_जुना_प्लांटवाला

ताई, पहिला मुद्दा मोलाचा आहे. टाकी एकदा बांधली की पुढची वीस-पंचवीस वर्षं तीच, आणि दराचे तास बदलत राहतात. वीज नियामक आयोगाच्या चालू आदेशात मच्छेकरांच्या वर्गाला नेमके कोणते तास लागू आहेत ते बिलावरूनच ठरवावं. पण टाकी निम्मी होत नाही. टाकीचा आकार ठरतो तो चिलर बंद असताना किती टन-तास लागणार यावर. ते 600 च राहतात, भरायची वेळ रात्रीची असो की दुपारची.

दुपारी भरायचं तर त्याच वेळी शॉपचे 150 टीआर चालूच असतात. 240 मधून 90 उरतात. सकाळी 10 ते संध्याकाळी 6 मध्ये 720 टन-तास निघतात, म्हणजे एप्रिलमध्ये चिलर पूर्ण क्षमता देत असेल तर कसंबसं बसतं. रात्री मात्र भार नसतो आणि आपल्याकडे उन्हाळ्यातही रात्र चांगली उतरते. एअर-कूल्ड चिलरला त्याचा थेट फायदा मिळतो. दराचा फरक मोठा की हवेचा, हे दोन्ही बिलं मांडून बघावं लागेल.

बिलाचं_बघते

बरं, टाकीचं समजलं. पण डिमांडचंही बघा. दुपारी दोन्ही चिलर पूर्ण चालले आणि त्याच वेळी दोन्ही पाळ्यांच्या बदलाचा गोंधळ असला तर केव्हीए वर जाणार. म्हणजे रात्रच बरी म्हणायची.

अनगोळ_फॅब्रिकेशन

काका, माझ्या पाइपाचं काय? तुम्ही त्यावर काहीच बोलला नाही. 0.3 मीटर वेग चुकीचा आहे काय?

खानापूर_जुना_प्लांटवाला

वेग चुकीचा नाही, पण तेवढ्याने भागत नाही. 6 आणि 14 अंशाच्या पाण्याच्या घनतेत फरक किती, तर एका घनमीटरमागे 0.7 किलो. हजार किलोत पाऊण किलोसुद्धा नाही. एवढ्याशा फरकावर दोन थर एकमेकांवर राहायचे आहेत. घरच्या सोलर बंबात गरम पाणी वर राहतं ते याच कारणाने, पण तिथे फरक 30-40 अंशांचा असतो, म्हणून थोडं ढवळलं तरी चालून जातं. इथे चालत नाही.

म्हणून पाइपच्या आतला वेग सोडा, आणि पाणी तोंडातून बाहेर पडताना एका मीटर लांबीवर किती सुटतं ते बघा. दोन कसोट्या आहेत. पहिली, खालच्या पाइपातून सुटलेलं थंड पाणी तळावरून चादरीसारखं पसरलं पाहिजे, उसळी मारून वर जाता कामा नये. दुसरी, त्या चादरीच्या वरच्या कडेने थर खरवडला जाता कामा नये.

```
Fr = q / sqrt(g * h^3 * (drho/rho))   -> 1 च्या खाली
Re = q / nu                           -> उथळ टाकी 200, 5 मी. व वर 400-850
```

`q` म्हणजे एका मीटरमागचा प्रवाह, `h` म्हणजे खालच्या पाइपासाठी तळापासून स्लॉटच्या वरच्या कडेपर्यंतची उंची. वरच्या पाइपासाठी हेच पाण्याच्या पृष्ठभागापासून खाली मोजायचं. `drho/rho` म्हणजे घनतेतला तो फरक भागिले घनता, आणि `nu` म्हणजे पाण्याचा चिकटपणा, घनतेने भागलेला.

तुमचं उदाहरण घेऊ. 150 टीआर, 8 अंशांचा फरक, म्हणजे 15.75 लिटर सेकंदाला. संपासाठी 200 च्या आसपास राहायचं तर साधारण 70 मीटर तोंड लागतं. पाइपच्या दोन्ही बाजूंना पाणी पसरतं म्हणून निम्मा पाइप, म्हणजे 9 मीटरचे चार पाइप, समान अंतरावर, वर चार आणि खाली चार. एका टोकाला एक पाइप असं चालणार नाही. तिथे एका मीटरवर चौपट पाणी सुटेल आणि समोरच्या भिंतीवर आपटून परत येईल. चहूबाजूंनी भोकं तर मुळीच नकोत. खालच्या पाइपाला वरच्या अंगाला भोक असलं की तिथून निघालेली धार सरळ थरात घुसते. खालच्या पाइपाचे स्लॉट तळाकडे, वरच्याचे पृष्ठभागाकडे.

अनगोळ_फॅब्रिकेशन

हे कळलं. मग पाइप मोठा घ्यायचा तो कशासाठी?

खानापूर_जुना_प्लांटवाला

सगळ्या स्लॉटमधून सारखं पाणी जावं म्हणून. तिथे तुमचं बरोबर आहे. पाइपचा छेद त्यावरच्या सगळ्या स्लॉटच्या बेरजेपेक्षा दुप्पट तरी असावा. पाइप बारीक असला तर काही स्लॉट जास्त सोडतात आणि काही जवळजवळ कोरडे राहतात, मग कागदावरची 70 मीटर लांबी प्रत्यक्षात 30 च होते.

शहापूर_सिव्हिल

संपाबद्दल काही गोष्टी. असल्या जुन्या संपात स्लॅबला टेकू म्हणून मध्ये कॉलम असतात आणि तळाला सफाईच्या खड्ड्याकडे उतार असतो, 10 मीटरला सहज 10 सेंटिमीटर. काका म्हणतात तो `h` किती येतो?

खानापूर_जुना_प्लांटवाला

नेमकं विचारलंत. त्या चार पाइपांच्या मांडणीत 2 सेंटिमीटरवरच पहिली कसोटी 1 ला येते, म्हणून मी 5 ठेवेन. म्हणजे तळात 10 सेंटिमीटरचा उतार असेल तर एका टोकाला पाइप तळात रुतेल आणि दुसऱ्या टोकाला हवेत लटकेल. तळ स्क्रीड करून सपाट करावा लागेल आणि पाइप पातळीत बसवावे लागतील. वरच्या बाजूलाही तेच. पाण्याची पातळी 5-10 सेंटिमीटर खाली गेली की वरचा स्लॉट हवा ओढतो.

पण माझा मूळ आक्षेप खोलीला आहे. संधीचा थर चांगल्या कामातही 60 सेंटिमीटरच्या आसपास जाड होतो. तुमच्या संपाचं क्षेत्र 100 चौरस मीटर, म्हणजे 60 घनमीटर पाणी धड थंड ना धड कोमट. तेवढंच पाणी 6.5 मीटर व्यासाच्या, 8 मीटर उंच उभ्या स्टीलच्या टाकीत ठेवलं तर क्षेत्र 33 चौरस मीटर आणि त्या थरात 20 घनमीटरच अडकतात. जाडी तीच, नुकसान तिसरा हिस्सा. डिफ्यूझर, म्हणजे पाणी पसरवणारे हे स्लॉटचे पाइप, तोही सोपा होतो: 2.3 मीटर त्रिज्येवर आठकोनी पाइप, घेर 14 मीटर, दोन्ही बाजू मिळून 28 मीटर तोंड. 150 एमएमचा पाइप पुरतो, आणि दुसरी कसोटी 480 वर येते.

मच्छे_मेंटेनन्स

नवी टाकी म्हणजे खर्च. संप फुकट आहे, त्यामुळे मालक त्यावरच अडून बसतील. एएचयू शॉपच्या मेझनाइनवर आहेत, जमिनीपासून 5 मीटरवर. त्याचा काही संबंध येतो का?

खानापूर_जुना_प्लांटवाला

फार मोठा. संप उघडा आणि एएचयूच्या खाली. पंप बंद पडला की वरच्या पाइपांतलं पाणी संपात उतरणार, वर हवा भरणार. ते थांबवायचं तर मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर टाकावा लागतो, नाहीतर रिटर्नवर दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह. एक्स्चेंजरमध्ये एक अंश तरी जातो. शॉपला 7 द्यायचं तर टाकीत 6 हवं. चिलर एक्स्चेंजरच्या पलीकडे, शॉपच्या बाजूला राहिला तर भरतानाही एक अंश जातो, म्हणजे चिलरला 5 करावे लागतील. दर अंशाला चिलर 2-3 टक्के वीज जास्त घेतो. आणि 4 च्या खाली तर जायचंच नाही. पाणी सगळ्यात जड 4 अंशाला असतं, त्याहून थंड पाणी परत हलकं होऊन वर येतं आणि थर मोडतात.

8 मीटर उंच टाकीतली पाण्याची पातळी तुमच्या एएचयूच्या वर राहते. एक्स्चेंजर लागत नाही, वरचा एक्स्पान्शन टँकही लागत नाही. संप फुकट म्हणताना स्क्रीड, आतून वॉटरप्रूफिंग, स्लॅबला इन्सुलेशन, एक्स्चेंजर आणि जादा पंप यांची बेरीज मांडून मालकांना दाखवा.

शहापूर_सिव्हिल

उंच टाकीची बेरीज पण मांडा. 265 टन पाणी 33 चौरस मीटरवर, म्हणजे चौरस मीटरला 8 टन. मच्छे भागात काळी माती लागली तर पाया खोल जाईल. मला अजून संपच स्वस्त पडेल असं वाटतं, निदान माती परीक्षण होईपर्यंत तरी.

पुण्याहून_निपाणीकर

मूळचा निपाणीचा, पुण्यात एका ऑफिस संकुलाची युटिलिटी बघतो. आमच्याकडे अशी उंच टाकी आहे. डिफ्यूझर उत्तम होता, तरी पहिल्या उन्हाळ्यात थर जाड यायचा. टाकीत उभ्या ओळीने दर 30 सेंटिमीटरला सेन्सर आहेत, त्यावरून सापडलं. रात्री भरणं सुरू झालं की तळाचे दोन सेन्सर 6 वरून 9 वर उडी मारायचे आणि दहाएक मिनिटांत परत उतरायचे. चिलर सुरू होताना पाइपात उभं असलेलं कोमट पाणी आणि चिलरचं अजून न उतरलेलं पाणी आधी तळात ढकललं जात होतं. ते हलकं असल्याने वर चढताना थर ढवळायचं. सप्लाय 6 ला येईपर्यंत पाणी टाकीला बायपास करून फिरवायचा बदल केला आणि थर जवळजवळ निम्मा झाला.

खानापूर_जुना_प्लांटवाला

ही फार कामाची माहिती. सेन्सरची ओळ नसेल तर बिघाड कुठे आहे ते कळतच नाही. भरताना सुरुवातीपासूनच थर जाड असेल तर दोष डिफ्यूझरचा किंवा असल्या कोमट पाण्याचा. भरून झाल्यावर नुसता उभा असताना रुंदावत असेल तर भिंतीतून आणि इन्सुलेशनमधून उष्णता येतेय. थर पातळच आहे पण वरचं पाणीच 11-12 चं आहे, तर टाकी निर्दोष आहे, दोष एएचयूकडे.

मच्छे_मेंटेनन्स

तीन मोठ्या एएचयूचे बायपास बंद केले आणि कॉइल धुतले. दुपारी 3 ला रिटर्न 12.7, सप्लाय 7.1. चिलर ट्रिप झाला नाही. शॉपचं तापमान जसंच्या तसं. उरलेल्या पाचांना टू-वे व्हॉल्व्हचं कोटेशन मागवलंय. ठेकेदाराला सांगितलंय की रिटर्नचा आकडा हाती येईपर्यंत टाकीचं थांबवा.

एक राहिलं. हाच संप आमच्या फायर हायड्रंटलाही जोडलेला आहे. थंड पाण्याची टाकी कायम भरलेलीच असते, मग दोन्ही कामं एकत्र चालतील का?

शहापूर_सिव्हिल

पाणी कायम भरलेलं असतं म्हणून तत्त्वतः चालतं, पण अग्निशमन खात्याची लेखी परवानगी लागेल, आणि फायर पंपाची सक्शन डिफ्यूझरमधून घेता येणार नाही, तिला वेगळं तोंड हवं. दुरुस्तीसाठी संप रिकामा करायचा झाला तर तेवढे दिवस हायड्रंटला दुसरं पाणी कुठून देणार, हा प्रश्न ते पहिला विचारतील.

खानापूर_जुना_प्लांटवाला

12.7 म्हणजे साडेपाच अंशांचा फरक. पाच व्हॉल्व्ह बदलल्यावर 14 येतं का बघा, आणि फक्त दुपारचं नाही, सकाळी भार कमी असतानाचंही घ्या. कमी भाराला रिटर्न पडत असेल तर टाकीत येणारं पाणी दिवसभर सारखं नसेल आणि वरच्या भागात दोन-तीन तापमानांचे थर होतील. ते आकडे इथे टाका, मग व्यास आणि उंची परत मांडू.